कराच्या भीतीने शेअर धरून ठेवू नकोस

पगारावर ३० टक्क्यांपर्यंत कर, पण सूचीबद्ध शेअर वर्षाहून जास्त ठेवून विकले तर नफ्यावर १२.५ टक्के. दर कमी, कारण नफ्यातला काही भाग नुसती महागाई असते आणि कंपनीने आधीच कर भरलेला असतो. शिवाय कर विकल्यावरच लागतो. दर चढा असता तर माणसं विकायलाच तयार झाली नसती.

तुझंही तेच झालंय. २ लाखांचे शेअर १० लाखांचे झाले. वर्षाला मिळणारी सव्वा लाखाची सूट वगळून कर ८४,३७५ रुपये, वर सेस. तेवढ्यासाठी रखडलेली कंपनी धरून बसलायस. अरे, कर लांबतो, टळत नाही. आपल्या गोव्यात पोर्तुगीज नागरी कायद्याखालच्या जोडप्याचा असा नफा निम्मा-निम्मा धरतात, पगार मात्र नाही. दोघांचा दुसरा असा नफा नसेल तर सूट दोनदा मिळून कर ६८,७५० वर येतो. काही मार्चमध्ये, काही एप्रिलमध्ये विक. दोन वर्षांची सूट मिळेल.