‘इज बीइंग अपलोडेड’चे चाळीस हजार

प्रश्न: पुढच्या महिन्यापासून सहा महिने रजेवर जातेय. हँडओव्हर मेलमध्ये पेंडिंग कामं इंग्रजीत लिहिताना कोणता टेन्स वापरावा? माझं इंग्रजी कच्चं आहे, तर पाठवायच्या आधी ऑफिसातल्या चांगलं इंग्रजी येणाऱ्या कुणाकडून तपासून घेऊ का?

उत्तर:

नका घेऊ. निदान फक्त तशा व्यक्तीकडून तरी नका. मी घेतलं होतं, आणि नववा महिना लागलेला असताना फोनवर बोलणी खाल्ली.

मी बेलापूरला एका कस्टम ब्रोकरकडे डॉक्युमेंटेशनला आहे. मूळची उरणची, शाळा जिल्हा परिषदेची. दहा वर्षं बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयात मालाची कस्टमची कागदपत्रं, भरतेय, पण इंग्रजी मेल पाठवायचा म्हटलं की आजही पोटात गोळा येतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये मी बाळंतपणाच्या सव्वीस आठवड्यांच्या रजेवर गेले. शेवटचा दिवस शुक्रवार, ३ तारीख. माझ्याकडे तेव्हा अकरा फायली चालू होत्या. दहा सुरळीत पार पडल्या, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

अकरावी रबाळ्याच्या एका पार्टीची होती. पंपाचे सुटे भाग, वीस फुटी दोन कंटेनर. गुरुवारी, २ तारखेला ते जहाजावरून उतरले आणि त्याच दिवशी कस्टमच्या आइसगेट पोर्टलवर अधिकाऱ्याची क्वेरी पडली: मालाचा कॅटलॉग द्या, हे भाग नेमके कुठे बसतात ते सांगा. रोजचीच क्वेरी. मी पार्टीकडून कॅटलॉग मागवला, उत्तर टाइप करून ठेवलं. राहिलं होतं एवढंच की कॅटलॉग कस्टमच्या कागदपत्रांच्या ई-संचितवर चढवायचा आणि उत्तर आइसगेटवर सबमिट करायचं. पार्टीच्या सहीशिक्क्याची प्रत संध्याकाळपर्यंत आली नाही म्हणून ते अडकलं.

मेलमध्ये मी लिहिलं होतं: ‘क्वेरी रिप्लाय रेडी. अपलोड पेंडिंग. साइन्ड कॅटलॉग नॉट रिसीव्ह्ड.’ क्रियापदांचा पत्ता नाही, मान्य. पण यातून काय समजायचं ते कुणालाही समजेल.

आमच्याकडे एक मॅडम आहेत. कॉन्व्हेंटच्या, इंग्रजी खरंच सुरेख. त्यांना म्हटलं, जरा बघता का, सगळ्यांना सीसी जाणार आहे. त्यांनी दहा मिनिटांत अख्खा मेल गुळगुळीत करून दिला. वर ‘तुमच्या मराठी मीडियमवाल्यांचा टेन्सचा घोळ काही सुटत नाही बघ’ हेही ऐकवलं. त्या ओळीचं झालं: ‘द रिप्लाय टू द क्वेरी हॅज बीन प्रिपेअर्ड अँड इज बीइंग अपलोडेड अलाँग विथ द साइन्ड कॅटलॉग.’

व्याकरणाचा मास्तर एक मार्क कापणार नाही. पण वाचणाऱ्याला काय कळलं? अपलोड होतंय. कोणीतरी करतंय. माझ्या जागी बसलेला मुलगा सहा महिन्यांपूर्वीच लागलेला, त्याला वाटलं ताईंनी जाता जाता केलं असणार किंवा सर करतायत. सरांना वाटलं तो करतोय. सहीचा कॅटलॉग यायचाच आहे, हे तर त्या वाक्यातून पार पुसलं गेलं. पार्टीने तो शनिवारी माझ्या मेलवर पाठवला, आणि मी घरी पाय वर करून झोपले होते.

यात आमच्या धंद्याची एक खोच आहे. २०२० पासून असेसमेंट फेसलेस झालंय. म्हणजे बिल ऑफ एन्ट्री न्हावा शेवाची असली तरी ती तपासणारा अधिकारी दुसऱ्या कुठल्याही शहरात बसलेला असू शकतो. पूर्वी आमचा माणूस कस्टम हाऊसला चक्कर मारायचा, तिथे कोणीतरी म्हणायचं, अरे तुमची फाइल अडकलीय. आता तसं कानावर पडण्याची सोय नाही. क्वेरीचं उत्तर जात नाही तोवर फाइल गप्प पडून राहते.

१० तारखेला, शुक्रवारी पार्टीनेच विचारलं, माल कुठाय? तेव्हा सगळे जागे झाले. उत्तर त्या दिवशी गेलं, असेसमेंट, ड्यूटी, माल सोडायचा आउट ऑफ चार्ज, डिलिव्हरी हे सगळं होऊन रिकामे कंटेनर यार्डात परत पोचले १४ तारखेला. त्या शिपिंग लाइनचे कंटेनर आम्हाला सात दिवस फ्री होते, म्हणजे ८ तारखेपर्यंत. पुढचे सहा दिवस, दोन कंटेनर, कंटेनरमागे दिवसाला चाळीस डॉलर. एकूण चारशे ऐंशी डॉलर डिटेन्शन, म्हणजे कंटेनर उशिरा परत केल्याचा आकार, तेव्हाच्या भावाने जवळजवळ चाळीस हजार रुपये. जीएसटी आणि सीएफएसचं, म्हणजे कंटेनर ठेवतात त्या यार्डाचं, भाडं वेगळं.

सरांचा फोन आला तेव्हा आई उरणहून आलेली, माझ्या पायाला तेल लावत होती. ‘तू तर अपलोड होतंय असं लिहिलंयस!’ मी काय सांगणार? मेल माझ्या नावाचा होता. मॅडम आजही म्हणतात, माझ्या वाक्यात चूक दाखव. चूक नव्हतीच. वाक्य खोटं होतं, एवढंच.

आता तुमच्या टेन्सकडे येते. आपला गोंधळ इंग्रजीत नसतो, तो मराठीतूनच येतो असं माझं पक्कं मत झालंय. आपण आंघोळीला जाता जाता फोनवर ‘निघालेच’ म्हणतो. पानं वाढायची असतात आणि ‘झालंच’ म्हणतो. भूतकाळ, पण काम पुढेच. ‘उद्या पाठवते’ हा वर्तमानकाळ, अर्थ भविष्याचा. ऐकणाऱ्याला सूर कळतो म्हणून मराठीत सगळं खपतं. मेलमध्ये सूर जात नाही. आपण ‘करतेय’ मनात धरून ‘आय अ‍ॅम डूइंग’ लिहितो, प्रत्यक्षात सुरुवातही केलेली नसते.

म्हणून आता मी प्रत्येक ओळ आधी मराठीत स्वतःला विचारते: झालं का, की करायचंय? ‘होतंय’ला जागाच ठेवत नाही. तुम्ही रजेवर गेल्यावर तुमच्या हातून काहीही ‘होत’ नसणार. जे झालं ते साध्या भूतकाळात, तारखेसकट: ‘आय ड्राफ्टेड द रिप्लाय ऑन थर्ड फेब्रुवारी.’ तारीख घातली की ‘हॅव ड्राफ्टेड’ चालत नाही, हे मलाही उशिरा कळलं. जे झालं नाही ते सरळ नकारात: ‘आय हॅव नॉट अपलोडेड इट.’ लिहायला लाज वाटते, कारण काम अर्धवट सोडल्यासारखं दिसतं. वाटू दे. आणि जे करायचंय ते ज्याने करायचं त्याचं नाव घेऊन आज्ञार्थात, प्लीज लावून. ‘टू बी अपलोडेड’ नको, त्यात माणूसच नाही.

माझी ती ओळ आज मी अशी लिहीन: ‘आय ड्राफ्टेड द क्वेरी रिप्लाय ऑन थर्ड फेब्रुवारी. आय हॅव नॉट अपलोडेड इट, बिकॉज वुई हॅव नॉट रिसीव्ह्ड द साइन्ड कॅटलॉग.’ मग त्या मुलाचं नाव, आणि ‘प्लीज कॉल द पार्टी ऑन सॅटर्डे मॉर्निंग अँड अपलोड बोथ बाय मंडे, सिक्स्थ फेब्रुवारी. फ्री डेज एंड ऑन एट्थ फेब्रुवारी.’ पाचवीच्या पुस्तकातल्यासारखी वाक्यं आहेत. असू देत. कोणत्या तारखेनंतर भुर्दंड लागणार ते शेवटच्या वाक्यात आहे, आणि माझ्या खऱ्या मेलमध्ये नेमकं तेच नव्हतं.

आणखी एक खड्डा ‘पर्यंत’चा. ‘सोमवारपर्यंत पाठव’ आणि ‘सोमवारपर्यंत थांब’ यात मराठीला एकच शब्द पुरतो. इंग्रजीत पहिल्याला ‘बाय’, दुसऱ्याला ‘टिल’. ‘पे ड्यूटी टिल मंडे’ असं मी कित्येक वर्षं लिहिलंय. आणि ‘टुडे’, ‘टुमॉरो’, ‘नेक्स्ट फ्रायडे’ तर काढूनच टाका. तुम्ही शुक्रवारी लिहिता, समोरचा मंगळवारी उघडतो, त्याचा ‘टुमॉरो’ वेगळा. मेलच्या पहिल्याच ओळीत लिहा की ही परिस्थिती अमुक तारखेच्या संध्याकाळी सहाची आहे.

तपासायला कुणाला द्यायचा, तर जो काम करणार त्याला. त्याला मेल वाचायला द्या आणि मराठीत, किंवा हिंदीत, विचारा: सोमवारी सकाळी आल्यावर तू काय काय करणार? तो ‘हे तर चालू आहे ना’ म्हणाला की ती ओळ पुन्हा लिहा. इंग्रजी छान असलेल्या माणसाला नंतर द्या, पण त्याने दुरुस्त केलेला मेल पुन्हा काम करणाऱ्याला दाखवा. मी हे केलं असतं तर पंधरा मिनिटं गेली असती.

आता माझ्या बाजूच्या चुकाही सांगते, नाहीतर मॅडमवर अन्याय होईल. त्यांनी मेल परत दिला तेव्हा सहा चाळीस झाले होते, माझी पनवेल लोकल होती, मी न वाचता सेंड दाबलं. वाचला असता तरी बदलला असता का, कोण जाणे. ते इंग्रजी इतकं भारी दिसत होतं की हात लावायची छातीच झाली नसती. सोमवारी अपलोड झालं असतं तरी एखादा दिवस डिटेन्शन लागलंच असतं, सहा नाही. आणि रजेवर जाताना पार्टीला माझ्याऐवजी ऑफिसच्या कॉमन आयडीवर पाठवायला सांगणं हे माझंच काम होतं, ते मी विसरले. तुमचं आयटी किंवा बँकेचं काम असेल तर तिथे डिटेन्शन नसतं, तुमच्याकडे काय लागतं ते तुम्हालाच माहीत.

ऑगस्टमध्ये परत आले, तर सप्टेंबरमध्ये त्या मुलाने स्वतःच्या रजेचा हँडओव्हर मला तपासायला दिला. गणपतीला गावी चालला होता, पाचच दिवस. तिसऱ्या ओळीत शिपिंग लाइनच्या डिलिव्हरी ऑर्डरबद्दल होतं, ‘डीओ इज बीइंग कलेक्टेड.’ मी विचारलं, कोण कलेक्ट करतंय? म्हणाला, ‘अं... तुम्ही?’