आकृती मागच्या पानावर, उत्तर पुढच्या पानावर

“मॅडम, मुलगी दहावीला आहे. वर्गात सगळं समजते म्हणते, गाईडमधली सोडवलेली उदाहरणंही वाचते, पण घरी एकटी बसली की भूमितीचं एकही गणित पुढे सरकत नाही. रोज वीस-वीस गणितं करायला लावून पाहिली, मोबाईलही काढून घेतला. तिच्या डोक्यातच गणित नाही, असं समजायचं का?”
— एक आई, मानेवाडा, नागपूर

या आईंना मी पुढच्या भेटीला मुलीसोबत तिची वही आणि गाईडही आणायला सांगितले. काही वर्षांपूर्वी अशा तक्रारीवर मी एकाग्रतेचे व्यायाम आणि अभ्यासाचे वेळापत्रक सुचवून मोकळी होत असे. आता मी आधी वही पाहते, कारण अडचण पुष्कळदा मुलाच्या डोक्यात नसून कागदाच्या मांडणीत सापडते.

वर्तुळाचे प्रकरण सुरू होते. मी प्रथम तोंडी विचारले. स्पर्शिका-त्रिज्या प्रमेय तिने न अडखळता सांगितले, बाहेरच्या बिंदूतून काढलेले स्पर्शिकाखंड एकरूप असतात हेही सांगितले, आणि समद्विभुज त्रिकोणाचे पायाजवळचे कोन समान असतात हे तर तिला आठवीपासून येत होते. म्हणजे सुटे ज्ञान जागेवर होते. मग मी तिला गाईडमधले एक सोडवलेले उदाहरण माझ्यासमोर वाचायला दिले. O केंद्र असलेल्या वर्तुळाला बाहेरच्या P बिंदूतून PA आणि PB हे स्पर्शिकाखंड काढले आहेत, ∠APB = ५०° आहे, तर ∠OAB काढा. आकृती डाव्या पानाच्या तळाशी होती आणि उत्तर पान उलटल्यावर सुरू होत होते. पाच ओळींचे ते उत्तर वाचताना तिने अकरा वेळा पान उलटले. दर वेळी “कोन PAB” हे शब्द मनात धरून ती मागे जाई, आकृतीत तो कोन शोधी आणि परत येईपर्यंत ओळ हरवलेली असे. शेवटी तिने पानाचा कोपरा दुमडून आकृती आणि उत्तर एकदम दिसतात का, असाही प्रयत्न करून पाहिला. मला निदान करायला तो दुमडलेला कोपरा पुरेसा होता.

आपण ज्या स्मृतीत विचार करतो ती कार्यस्मृती फार लहान असते. एकमेकांशी न जुळलेल्या नव्या गोष्टी तिच्यात एका वेळी चारच्या आसपास मावतात, आणि त्यांच्यावर काही क्रिया करायची असेल तर त्याहूनही कमी. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या जॉन स्वेलर यांनी १९८०च्या दशकात या मर्यादेवर जो सिद्धान्त उभा केला, त्याला कॉग्निटिव्ह लोड थिअरी, मराठीत बोधात्मक भाराचा सिद्धान्त, म्हणतात. वरच्या उदाहरणात ∠PAB = ६५° ही एक ओळ समजण्यासाठी PA आणि PB समान आहेत, म्हणून त्रिकोण समद्विभुज आहे, तिन्ही कोनांची बेरीज १८०° आहे आणि त्यातले ५०° आधीच गेले आहेत, एवढे सगळे एकाच वेळी मनात असावे लागते. शिक्षकाला हे सगळे मिळून एकच ओळखीचे चित्र दिसते. मुलीला ते सुटे सुटे तुकडे दिसतात. हा भार गणिताचा स्वतःचाच असल्यामुळे तो टाळता येत नाही. पान उलटण्याचा भार मात्र गणिताचा नाही, तो छपाईचा आहे, आणि जागा दोन्ही एकाच स्मृतीत अडवतात.

१९८८ साली रोहानी तारमिझी आणि स्वेलर यांना नेमका हाच अनुभव आला. त्याआधी १९८५ साली ग्रॅहम कूपर यांच्यासोबत स्वेलर यांनी बीजगणितात दाखवले होते की नवशिक्या विद्यार्थ्यांना फक्त गणिते सोडवायला देण्यापेक्षा एक सोडवलेले उदाहरण आणि लगेच तशाच प्रकारचे एक गणित, अशा जोड्या दिल्या तर ते कमी वेळात आणि अधिक चांगले शिकतात. भूमितीत मात्र सोडवलेल्या उदाहरणांचा तसा फायदा दिसेना. आकृती एकीकडे आणि विधाने दुसरीकडे, ही रूढ मांडणी मोडून विधाने आकृतीतच लिहिली, तेव्हा तो फायदा दिसू लागला.

आता रोजच्या वीस गणितांविषयी. मी तिला तेच उदाहरण सोडवायला दिले. तिने O आणि B जोडले, मग O आणि P जोडले, मग ती रेघ खोडली, चौकोनाच्या कोनांची बेरीज घेऊन केंद्राजवळचा कोन १३०° काढला आणि वीस मिनिटांनी २५° हे उत्तर मिळवले. उत्तर बरोबर होते, रीतही चुकीची नव्हती. दुसऱ्या दिवशी तेच गणित पुन्हा दिले तर तिने पुन्हा O आणि P जोडण्यापासून सुरुवात केली. सगळे लक्ष “काढायचे काय” आणि “हाती काय आहे” यांतले अंतर कमी करण्यात खर्च झाले की वाट लक्षात ठेवायला काही उरत नाही. स्वेलर यांनी सहकाऱ्यांसोबत विद्यापीठातील विद्यार्थ्यांना एक कोडे दिले होते: दिलेल्या संख्येला ३ ने गुणायचे किंवा तिच्यातून ६९ वजा करायचे, आणि ठरावीक संख्येपर्यंत पोहोचायचे. कोडी सुटली, पण दोन्ही क्रिया आलटून पालटून केल्या की झाले, हा साधा नियम फार थोड्यांच्या लक्षात आला. आईंना हे पटायला वेळ लागला, कारण सोडवलेले उदाहरण वाचणे म्हणजे नक्कल करणे, असे त्यांच्या घरी ठाम मत होते.

मग मी स्वतः पत्रके तयार केली, आणि पहिले पत्रक चुकवले. आकृती मोठी काढून प्रत्येक पायरीचे मूल्य त्या त्या कोनातच लिहिले, १, २, ३ असे क्रमांक दिले, इथवर ठीक होते; पण उत्साहाच्या भरात प्रत्येक क्रमांकाशेजारी प्रमेयाचे संपूर्ण विधानही लिहून टाकले. मुलीला ती विधाने पाठ होती, तरी समोर लिहिलेले दिसले म्हणून ती वाचत बसली आणि पुन्हा वाट हरवली. आधीच ठाऊक असलेली गोष्ट पुन्हा शब्दांत मांडणे हाही भारच असतो. दुसऱ्या वेळी मी A जवळ फक्त “९०°, स्पर्शिका-त्रिज्या” आणि ६५° शेजारी फक्त “PA = PB” एवढेच ठेवले. प्रत्येक क्रमांकाशी थांबून “हे कशावरून?” याचे उत्तर तिने मोठ्याने द्यायचे, ही अट घातली, कारण नुसती नजर फिरवल्याने सर्वांत चांगली मांडणीही वाया जाते.

पुढची पत्रके पायऱ्या गाळत नेली. दुसऱ्यात ∠APB = ७०° घेऊन पायाजवळचा ५५° आणि स्पर्शबिंदूपाशी ९०° लिहून दिले, शेवटची वजाबाकी तेवढी रिकामी ठेवली. तिसऱ्यात ४०° घेऊन शेवटच्या दोन पायऱ्या रिकाम्या ठेवल्या, चौथ्यात ६४° एवढेच दिले आणि बाकी सगळे तिच्यावर सोपवले. गाळणे शेवटाकडून सुरू करण्याचे कारण साधे आहे: शेवटच्या पायरीपाशी आवश्यक ते सगळे समोर मांडलेले असते, एकच क्रिया करायची असते, आणि चूक झाली तरी ती पुढे पसरत नाही. पहिलीच पायरी रिकामी ठेवली तर तिथल्या चुकीने पुढचे सगळे बिघडते. बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेत चौकटी भरून कृती पूर्ण करायचे जे प्रश्न येतात ते मुळात याच जातीचे असतात. फक्त त्यांतल्या चौकटी विखुरलेल्या असतात, म्हणून नव्या घटकाची सुरुवात मी त्यांनी करत नाही.

तिसऱ्या पत्रकावर पेन्सिल थांबली. ती म्हणाली, “मॅडम, पन्नासाला पंचवीस, सत्तराला पस्तीस, चाळीसाला वीस. नेहमी अर्धाच येतो!” वीस मिनिटे धडपडून सोडवलेल्या गणितात तिला हे दिसले नव्हते. मी लगेच “का?” विचारले, कारण कारणाशिवाय सापडलेला अर्धा पुढे घात करतो. तिने ९० मधून, १८० मधून ५० वजा करून आलेल्याचा अर्धा भाग वजा केला, कागदावर दोनदा खोडले आणि उरते ते ५० चे अर्धेच, हे मला दाखवले. पाचवे गणित म्हणून मी तिला ∠OAB = १८° देऊन ∠APB विचारला. तिने ३६° सांगितले, आणि कारणही सांगितले.

आईंचा एक प्रश्न अगदी रास्त होता: बोर्डात आकृतीत लिहिलेले उत्तर चालेल का? नाही चालणार, तिथे विधान आणि कारण ओळीनेच लिहावे लागते. म्हणून चौथे गणित सुटल्यावर तीच वाट तिने वहीत ओळीने उतरवायची, असे ठरवले. वाट आधी, लेखन नंतर. दोन्ही एकदम शिकवायला गेले की मूल लेखनाचा नमुना पाठ करते.

पत्रके कधी बंद करायची, हेही पाहावे लागते. चौथ्या बैठकीत मी त्याच प्रकारचे आणखी एक पूर्ण सोडवलेले उदाहरण पुढे केले तर ती कंटाळली, आणि जी पायरी ती मनात एका दमात करत होती ती माझ्या क्रमांकांशी ताडून पाहताना चुकली. स्लावा काल्युगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे नोंदवले आहे: नवशिक्याला उपयोगी पडणारी मदत जाणकाराला आडवी येते. माझी खूण अशी की लागोपाठ दोन गणिते मूल न थांबता, कारण सांगत सोडवू लागले की त्या प्रकारची सोडवलेली उदाहरणे बाजूला ठेवायची.

एवढ्याने तिची भूमिती पूर्ण सुटली नाही. ज्या मुलाला मूळ प्रमेयेच येत नाहीत त्याला ही पत्रके देऊन उपयोग नसतो, तिथे आधी मागे जावे लागते; तिची अडचण वेगळी होती. शेवटच्या भेटीत मी वर्तुळ आणि समरूपता या दोन प्रकरणांतली दहा गणिते मिसळून दिली. तिची तीन चुकली, आणि तिन्हींत चूक हिशेबाची नसून कोणते प्रमेय लावायचे ते निवडण्याची होती. एकाच प्रकारच्या पत्रकांत ती निवड करावीच लागत नाही, त्यामुळे तिचा सरावही होत नाही. म्हणून पुढच्या दोन आठवड्यांसाठी तिला वेगळे काम दिले आहे: रोज पाच मिसळलेली गणिते घ्यायची, सोडवायची नाहीत, फक्त आकृती पाहून पहिली पायरी कोणती आणि कशावरून, एवढेच लिहायचे.