एकटाच विक्रेता, तरी भाव स्पर्धेतला?

प्रश्न: «पुस्तकात म्हटलंय की बाजारात एकच कंपनी असली तरी ती स्पर्धेतल्यासारखाच भाव लावू शकते, कारण कुणीही येऊन नफा मारून निघून जाईल. समोर कुणी नसताना ती भाव का कमी ठेवेल?»

समोर कुणी नसलं तरी दार उघडं असेल, तर ती भाव कमी ठेवेल. ही मांडणी विल्यम बॉमॉल, जॉन पान्झार आणि रॉबर्ट विलिग या अर्थतज्ज्ञांची, १९८२ सालची. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने विमान कंपन्यांवरचं भाड्याचं आणि मार्गांचं सरकारी नियंत्रण उठू लागलं होतं, म्हणून उदाहरण म्हणून विमानांचंच नाव सगळ्यांच्या तोंडी आलं.

विमानच का? कारण विमान महाग असलं तरी त्यात घातलेला पैसा बुडीत नसतो. मार्ग जमला नाही तर तेच विमान दुसऱ्या मार्गावर लावता येतं, विकता येतं, भाड्याचं असेल तर परत करता येतं. बुडतो तो वेगळाच पैसा: नव्या शहरातली जाहिरात, काउंटरची मांडणी, तिथल्या माणसांचं प्रशिक्षण, लोकांना माहीत होईपर्यंत अर्धवट रिकामी उडालेली विमानं. प्रवासी कितीही असले तरी होणारा स्थिर खर्च आणि निघून गेल्यावर परत न मिळणारा बुडीत खर्च यांत इथे गल्लत झाली की पुढचं काहीच लागत नाही.

आता सोपे, माझे आकडे घेऊ. एका मार्गावर दिवसाला दोन फेऱ्या, प्रत्येकीत १०० प्रवासी, आणि प्रवाशामागे सगळा खर्च ८० डॉलर. मागणी एकाच कंपनीपुरती आहे, म्हणून दुसरी कुणी नाही. ती ११० डॉलर घेते. बाहेरची कंपनी १०५ ला तिकीट विकून सगळे प्रवासी ओढते, तेव्हा तिला माणशी २५, म्हणजे दिवसाला ५,००० डॉलर सुटतात. तिचा बुडीत खर्च १०,००० असेल तर दोन दिवसांत तो वसूल. जुनी कंपनी विसाव्या दिवशी भाव पाडेपर्यंत हिने बुडीत खर्च वजा जाता ९०,००० कमावलेले असतात, आणि ती विमान उचलून निघून जाते. हेच ते येऊन, मारून, पळून जाणं.

जुन्या कंपनीला हे आधीच कळतं. मग ती किती भाव लावू शकेल? नव्या कंपनीच्या बुडीत खर्चाला, जुनी भाव पाडून उत्तर देईपर्यंत नवीने नेलेल्या प्रवाशांच्या संख्येने भागा; ८० च्या खर्चावर तेवढाच नफा जुनीला घेता येतो. वीस दिवसांचे प्रवासी ४,०००, म्हणून १०,००० भागिले ४,००० म्हणजे अडीच डॉलर. साडेब्याऐंशीच्या फार वर गेली की कुणीतरी येणारच. बुडीत खर्च शून्य असेल तर भाव बरोबर ८० वर येतो. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: हा भाव सरासरी खर्चाइतका असतो, सीमांत खर्चाइतका असेलच असं नाही. विमान उडणारच असेल तर एक जादा प्रवासी नेण्याचा खर्च फारच थोडा, पण त्या भावात कुठलीच कंपनी टिकणार नाही.

सगळी मांडणी त्या भागाकारावर उभी आहे, आणि माझ्या मते ती तिथेच अडते. बुडीत खर्च १,००,००० आणि उत्तर तिसऱ्या दिवसाअखेर आलं, तर नव्या कंपनीने नेलेले प्रवासी फक्त ६००. भागाकार येतो १६६ डॉलरच्या वर. जुनी कंपनी ११० काय, मक्तेदारीला जो भाव परवडेल तो लावून निर्धास्त बसेल. विमानाचं भाडं तर संगणकावर काही तासांत बदलतं. म्हणजे विमान सहज हलवता येतं हे खरं, पण भाव त्याहूनही लवकर हलतो. बॉमॉल आणि मंडळींचं यावर उत्तर होतं की नवा विक्रेता येण्याआधीच गिऱ्हाइकांशी करार करून ठेवू शकतो. घाऊक मालवाहतुकीत ते शक्य आहे; सुट्ट्या तिकिटाच्या प्रवाशाशी कोण करार करणार?

डेट्रॉइट–फिलाडेल्फिया मार्गावर हेच दिसलं. डेट्रॉइट हा तेव्हा नॉर्थवेस्ट या विमान कंपनीचा बालेकिल्ला होता. १९९५ च्या अखेरीस तिथे स्पिरिट ही छोटी कंपनी स्वस्त तिकिटं घेऊन उतरली. १९९६ मध्ये नॉर्थवेस्टने भाडं पाडलं, फेऱ्याही वाढवल्या. स्पिरिट त्याच वर्षी बाहेर पडली आणि नॉर्थवेस्टची भाडी पुन्हा चढली. स्पिरिट कोर्टात गेली. खालच्या कोर्टाने नॉर्थवेस्टच्या बाजूने निकाल दिला, पण २००५ मध्ये अपिलात तो फिरवून खटला चालवायला सांगितलं.

म्हणून दार उघडं असण्याचा काहीच परिणाम नसतो असंही नाही. ऑस्टन गूल्सबी आणि चॅड सिव्हर्सन या अर्थतज्ज्ञांनी २००८ मध्ये साउथवेस्ट या स्वस्त विमान कंपनीचे मार्ग तपासले. साउथवेस्ट दोन्ही शहरांत आहे, पण त्या दोघांमध्ये अजून उडत नाही, अशा मार्गांवर जुन्या कंपन्यांनी भाडी आधीच उतरवली होती. साउथवेस्टमुळे झालेल्या एकूण घसरणीतली निम्म्याहून जास्त घसरण ती उडायला लागण्याआधीचीच. पण ती प्रत्यक्ष उतरल्यावर भाडी आणखी घसरली. मांडणी पूर्ण लागू असती तर तोवर पाडायला काही उरलंच नसतं. शिवाय भाव कधीही बदलता येत असताना आधीच कमी का केला, याचं गूल्सबी आणि सिव्हर्सन यांना पटलेलं कारणही वेगळं आहे: खरी लढत सुरू होण्याआधी आपले नेहमीचे प्रवासी बांधून ठेवणं.