उद्या पाठवायचं कव्हर लेटर कोणी लिहून देईल का?

प्रश्न: "मला नोकरीसाठी एक छान कव्हर लेटर लिहून द्या. उद्याच पाठवायचंय. जरा इंप्रेसिव्ह हवं, कुठल्याही कंपनीला चालेल असं."

नाही देता येणार. आणि जो एवढ्या माहितीवर पटकन देईल, त्याच्याकडून घेऊ नका.

मी भोसरीत एका मशीनिंगच्या कारखान्यात क्वालिटी सांभाळते. आमचा एचआर म्हणजे एकच माणूस, कँटीनपासून पीएफपर्यंत सगळं तोच बघतो. त्यामुळे इन्स्पेक्टर आणि इंजिनिअरच्या जागांचे अर्ज थेट माझ्याकडे येतात. कुठल्याही कंपनीला चालेल अशी पत्रं दर उन्हाळ्यात गठ्ठ्यानं येतात. जवळच्या एका पॉलिटेक्निकच्या प्लेसमेंटच्या सरांनी एक नमुना करून ठेवलाय, पोरं फक्त नाव बदलतात. त्यात प्रत्येक जण हार्डवर्किंग आणि डायनॅमिक असतो, प्रत्येकाला आमच्या नामांकित संस्थेत घडायचं असतं. एका पत्रात नामांकित संस्था म्हणून आमच्या मागच्या गल्लीतल्या कारखान्याचं नाव तसंच राहिलं होतं.

मी सरांना हे तोंडावर सांगितलंय. ते म्हणाले, "मॅडम, पत्र कोण वाचतं हो? फॉर्मॅलिटी असते." मी म्हटलं, मी वाचते. ते हसले. तो वाद तिथेच राहिला होता.

मग माझा भाचा तोच नमुना घेऊन माझ्याकडे आला. तोही त्याच कॉलेजचा. म्हणाला, "मावशी, फक्त इंग्लिश बघून दे." इंग्लिशला काही झालं नव्हतं. कुठली पोस्ट विचारलं तर "क्वालिटीतलीच काहीतरी, चाकणला." जाहिरात मागितली, तेव्हा मोबाइलमध्ये बराच वेळ शोधून स्क्रीनशॉट दाखवला. क्वालिटी इंजिनिअर, दोन ते चार वर्षं अनुभव, शाफ्टचं मशीनिंग, एमएसए म्हणजे मोजण्याची पद्धत किती भरवशाची ते तपासणं यायला हवं, एट-डी म्हणजे तक्रारीचं मूळ शोधून ती मिटवायच्या आठ पायऱ्या, त्याची माहिती, कस्टमर कंप्लेंट हाताळता यायला हव्यात. शिवाय एक्सेल, टीमवर्क वगैरे. हे शेवटचं सगळ्याच जाहिरातींत असतं, ते सोडून द्या. शाफ्ट, एमएसए आणि कंप्लेंट एकाच जाहिरातीत आले की आमच्यासारख्याला वास येतो: यांचा माल मोजण्यातल्या गोंधळामुळे परत आलेला असणार. त्यांना माणूस हवाय तो त्यासाठी.

आता भाच्याचा अनुभव. "काय करतोस?" "लाइन इन्स्पेक्शन." "म्हणजे?" "पीस मोजतो." यापुढे गाडी जाईना. शेवटी विचारलं, तुमच्याकडे कधी माल परत आला होता का? मग मात्र तो सुटला.

त्यांच्या शाफ्टवर बेअरिंग बसतं तिथला व्यास 25 मिमी, फिट एच-सिक्स. म्हणजे 25.000 च्या वर जायचं नाही आणि 24.987 च्या खाली उतरायचं नाही. सगळा खेळ 13 मायक्रॉनचा. लाइनवर पीस ओके निघायचे आणि कस्टमरच्या स्टँडर्ड रूममध्ये तेच अंडरसाइज. ऑपरेटर म्हणे मायक्रोमीटर खराब, कॅलिब्रेशनवाला म्हणे मायक्रोमीटर उत्तम. गेज आर अँड आर, म्हणजे तोच पीस पुन्हा पुन्हा आणि वेगवेगळ्या माणसांनी मोजला तर माप किती हलतं याची चाचणी, केला तर तीस टक्क्यांच्या वर गेला, म्हणजे ती मोजणी धरण्यासारखीच नाही. या पोराच्या लक्षात आलं की हार्ड टर्निंगहून काढलेला पीस हाताला कोमट लागतो आणि एक इन्स्पेक्टर तो तसाच मोजतो, दुसरा चहा पिऊन आल्यावर मोजतो. स्टील 20 अंशांनी जास्त गरम असेल तर 25 मिमीचा व्यास जवळजवळ 6 मायक्रॉननं मोठा दिसतो. निम्मा टॉलरन्स तिथेच गेला! त्या मापावर ऑपरेटर मशीनला ऑफसेट देऊन व्यास कमी करणार, आणि पीस निवला की खालच्या लिमिटच्या बाहेर. यानं सुपरवायझरच्या मागे लागून मशीनशेजारी ट्रे ठेवायला लावला: पीस आणि ज्यावर मायक्रोमीटर जुळवतात तो पक्क्या मापाचा सेटिंग मास्टर एकाच ट्रेत, निवल्याशिवाय मोजायचं नाही. पुन्हा आर अँड आर केला तेव्हा अठरा टक्के आला. दहाच्या आत असता तर उत्तम. दहा ते तीसच्या मधलं काम आणि खर्च बघून चालवून घेतात.

"हे पत्रात का नाही?" तर म्हणे, "यात काय लिहिण्यासारखं?"

आम्ही पत्र केलं ते असं. इंग्रजीत गेलं, आशय हा:

"शाफ्ट मशीनिंगमधल्या आपल्या क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी हा अर्ज. सध्या मी हार्ड टर्निंग लाइनवर इन्स्पेक्टर आहे. 25 एच-सिक्स व्यासाचे पीस आमच्याकडे ओके आणि ग्राहकाकडे अंडरसाइज येत होते. गरम पीस मोजले जात असल्याचं मी दाखवून दिलं आणि पीस निववून मास्टरसोबत मोजण्याची पद्धत सुरू करून घेतली. गेज आर अँड आर तीसच्या वरून अठरा टक्क्यांवर आला. या तक्रारीच्या एट-डीमध्ये मोजमापाची माहिती मी पुरवली. स्वतः एट-डी अजून चालवलेला नाही. आपल्या जाहिरातीत एमएसए आणि तक्रारी दोन्ही आहेत, म्हणून हे सविस्तर लिहिलं."

एवढंच. तो हार्डवर्किंग आहे हे कुठेही नाही.

सरांनी ते पाहिलं आणि "चालवलेला नाही" या शब्दांवर बोट ठेवलं. स्वतःची उणी बाजू कशाला लिहायची? अहो, कारण इंटरव्ह्यूत दुसऱ्याच प्रश्नाला ती उघडी पडते. एट-डीच्या चौथ्या पायरीला, डी-फोरला, मूळ कारण कसं पडताळलंत, एवढं विचारलं की नुसता फॉर्म भरलेला माणूस गप्प होतो. मग खरं लिहिलेल्या ट्रेवरही कोणी विश्वास ठेवत नाही. भाच्याला बोलावणं आलं. बराचसा इंटरव्ह्यू तापमान आणि मास्टर यांवरच झाला. पगारावर गाडी अडली आणि तो गेला नाही, ते वेगळं. सर अजून म्हणतात की रेझ्युमेवरच बोलावलं असतं. रेझ्युमेत ट्रेचा ट सुद्धा नव्हता, हे मी इथे लिहून ठेवते.

आता तुमचं. जाहिरात जशीच्या तशी टाका, तुमचं काम काय आहे ते टाका, आणि त्या जाहिरातीतल्या एखाद्या अडचणीशी जुळणारी तुम्ही हाताळलेली एक गोष्ट सांगा. कंपनीचं नाव झाकलंत तरी चालेल. फ्रेशर असाल तर प्रोजेक्ट किंवा अप्रेंटिसशिपमधलं चालेल, पण प्रोजेक्टमध्ये तुमच्या हातानं काय झालं तेवढंच. तुमचं क्षेत्र अकाउंट्स किंवा नर्सिंग असेल तर मी कामाची नाही, त्यातल्या माणसाला विचारा.

आणि हो, मोठ्या कंपन्यांच्या पोर्टलवर पत्राची जागा असली तरी ते बरेचदा कोणी उघडत नाही, तेवढ्यापुरते सर बरोबर आहेत. सरकारी भरतीत ठरलेला फॉर्म असतो, तिथे पत्राचा संबंध नाही. ओळखीतून अर्ज जात असेल तर वरचा मजकूर सरळ मेलमध्येच लिहा, वेगळी फाइल जोडू नका. उद्याच पाठवायचं असेल आणि आज जाहिरातही हाताशी नसेल, तर नुसता रेझ्युमे पाठवा. सरांचा नमुना जोडण्यापेक्षा ते बरं.