जाहिरात नंतर, आधी ‘पेंडिंग’ची स्क्रीन

प्रश्न : मॅडम, मी एमबीए मार्केटिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ब्रँडिंगमध्ये करिअर करायचंय. एका पेमेंट ॲपने इंटर्नशिपच्या निवडीसाठी असाइनमेंट दिली आहे : ‘मोबाइलवरून पहिल्यांदाच पैसे पाठवणाऱ्यांचा विश्वास मिळवण्यासाठी ब्रँड स्ट्रॅटेजी’. मी टॅगलाइन, सेलिब्रिटी, कॅशबॅक असं मांडलंय, पण ते पोकळ वाटतंय. सुरुवात कुठून करू?
— एक विद्यार्थिनी, अकोला

उत्तर : कॅशबॅक आणि सेलिब्रिटीमुळे ॲप डाउनलोड होतं. ते फोनमध्ये टिकतं की नाही, हे पहिल्यांदा पैसे अडकतात तेव्हा ठरतं. तुझी सगळी असाइनमेंट त्या एका प्रसंगावर उभी कर.

समज, भाजी विकणाऱ्या एका ताईंनी होस्टेलवर राहणाऱ्या मुलाला ५०० रुपये पाठवले. बँकेचा ‘पैसे वजा झाले’ असा मेसेज आला, मुलाकडे मात्र काहीच जमा नाही. ॲपवर लिहिलंय, ‘ट्रान्झॅक्शन पेंडिंग’. मुळात पैसे ॲपकडे नसतातच. ते ताईंच्या बँकेतून मुलाच्या बँकेत जातात, मधला निरोप एनपीसीआय या देशातली डिजिटल पेमेंट यंत्रणा चालवणाऱ्या संस्थेच्या यूपीआयमधून फिरतो, आणि त्यातल्या एका टोकाकडून वेळेत उत्तर आलेलं नसतं. सरावलेला माणूस थांबतो. ताई घाबरून पुन्हा पाठवतात आणि आणखी ५०० जातात. मग शेजारचा कुणी गुगलवर ‘कस्टमर केअर’ शोधून देतो. तो नंबर ठगाचा निघाला, तर ‘रिफंडसाठी पिन टाका’ म्हणत तो खातं रिकामं करतो. ठगाने फसवलं तरी ताईंच्या लेखी पैसे ‘त्या ॲपने’च खाल्ले, आणि हे सगळ्या बाजारात कळतं.

आता नियम बघ. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकानुसार, एका खात्यातून दुसऱ्या खात्यात यूपीआयने पाठवलेली रक्कम वजा होऊनही जमा झाली नाही, तर ती व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवी. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई. दुकानदाराला केलेल्या पेमेंटची खातरजमा झाली नाही, तर मुदत पाच दिवसांची. हा आधार ग्राहकाच्या हातात आहे, पण ‘पेंडिंग’ या शब्दातून तो त्याला कळत नाही. म्हणून स्क्रीनवर असं लिहावं :

‘तुमचे ५०० रुपये खात्यातून निघाले आहेत. पोचल्याचं उत्तर अजून आलेलं नाही. पुन्हा पाठवू नका. पोचले नाहीत तर नियमाप्रमाणे उद्यापर्यंत तुमच्याच खात्यात परत यायला हवेत. पैसे परत घ्यायला पिन लागत नाही. कुणी मागितला तर देऊ नका.’

याखाली मजकूर मराठीत वाचून दाखवणारं बटण आणि थेट फोन लावणारं बटण हवं, म्हणजे नंबर शोधायला बाहेर जावं लागणार नाही. आवाजाला कमी लेखू नकोस. दुकानातल्या साउंडबॉक्सवर रक्कम मोठ्याने ऐकू येते, देणारा आणि घेणारा दोघंही ती ऐकतात, आणि वाद तिथेच मिटतो. दुसऱ्या दिवशी पैसे जमा झाले किंवा परत आले की ॲपने स्वतःहून तसं कळवायला हवं. माझ्या मते हा दुसरा निरोप पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे, आणि आराखड्यात नेमका तोच राहून जातो.

एक मर्यादाही लिही. बँकेचा सर्व्हर बंद पडणं ॲपच्या हातात नसतं. त्यामुळे ‘पैसे कधीच अडकत नाहीत’ असं वचन टॅगलाइनमध्ये देऊ नकोस, ते पहिल्याच महिन्यात मोडेल. ‘अडकले तर कुठे आहेत ते सांगू’ हे वचन पाळता येतं.

आता हे तपासून बघ. जवळच्या एखाद्या बचत गटात परवानगी घेऊन जा, पाच-सहा जणींना जुनी आणि नवी स्क्रीन कागदावर दाखव. ‘समजलं का?’ असं विचारू नकोस, सगळ्या ‘हो’ म्हणतील. ‘आता तुम्ही काय कराल?’ असं विचार. नवा मजकूर ऐकूनही कुणी ‘परत पाठवीन’ म्हणाली, तर मजकूर फसला. तो बदल आणि पुन्हा विचार. त्यांची उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून घे, सादरीकरणात ती आधी ठेव.

कंपनीकडे मोजण्यासाठी दोन आकडे माग : पेंडिंगनंतर काही मिनिटांत त्याच व्यक्तीला तीच रक्कम पुन्हा पाठवणारे किती, आणि पहिलंच पेमेंट अडकलेल्यांपैकी पुढच्या ३० दिवसांत दुसरं पेमेंट करणारे किती. मजकूर बदलल्यावर पहिला आकडा उतरला आणि दुसरा चढला, तर विश्वास वाढतोय असं धरायला जागा आहे. डाउनलोडच्या आकड्यात यातलं काहीच दिसत नाही.

हे काम कंपन्यांमध्ये ब्रँड, प्रॉडक्ट मार्केटिंग, ॲपच्या स्क्रीनवरचा मजकूर लिहिणारं यूएक्स रायटिंग आणि यूजर रिसर्च अशा विभागांत वाटलेलं असतं. म्हणून मुलाखतीत विचार, की पेमेंट फसल्यावरचा मजकूर कोण लिहितं आणि हेल्पलाइनच्या तक्रारी ब्रँड टीमपर्यंत येतात का. येत नसतील, तर तिथे तुझ्या वाट्याला बहुधा जाहिरातींचंच काम येईल. ते चालणार असेल तरच ती इंटर्नशिप घे.