वडिलांच्या गिन्या विकायच्या की ठेवायच्या?

बँकेतून घेतलेलं सोन्याचं नाणं बँकच परत घेईल ना?

नाही. बँका नाणी परत विकत घेत नाहीत, सराफाकडेच जावं लागेल.

वडिलांच्या आठ गिन्या आहेत. मी विकू म्हणतो, धाकटा थांब म्हणतो. भाव पुन्हा वर्षानुवर्षं जागेवरच राहिला तर?

तासगावकडचे दोघे भाऊ २०१८ मध्ये हाच वाद घेऊन माझ्याकडे आले होते. गिन्या आठच, वडिलांच्या रुमालात बांधलेल्या. २०१२ मध्ये दहा ग्रॅमचा भाव साधारण ३१ हजार होता, सहा वर्षांनीही तेवढाच. थोरल्यावर द्राक्षबागेचं कर्ज. सोनं जागचं हलत नाही आणि व्याज मात्र चढतंय, हे त्याचं म्हणणं खरंच होतं. धाकट्याला पैशाची नड नव्हती.

मी आधी गिन्या काट्यावर घेतल्या. अस्सल गिनी ७.९८ ग्रॅम भरते. २२ कॅरट, म्हणजे आत ७.३२ ग्रॅम शुद्ध सोनं. सात बरोबर भरल्या. आठवी ८.३० भरली, कारण कधीतरी माळेत ओवायला तिला कडी डागली होती. घट धरायची तर त्या एकीला. पण थोरला आधी ज्या दुकानात गेला, तिथं आठही गिन्यांना ‘जुनं सोनं’ म्हणून ५ टक्के घट सांगितली, म्हणजे तीन ग्रॅमहून जास्त! वर म्हणे, वितळवून दाखवतो. गिनीत सांध्याचा डागच नसतो, मग घट कशाची? आणि एकदा वितळवली की छाप, काठावरच्या रेघा, वजन, ओळख पटवणारं सगळं गेलं; समोरचा सांगेल तो कस मुकाट्यानं मानायचा. मशीनवर नाणं न मोडता कस कळतो. मशीन वरचाच थर वाचतं, म्हणून वजन आणि व्यासही ताडून घ्या. तपासणी आधी, सौदा नंतर.

मग मी विचारलं, आई आहे? बहीण? दोघीही होत्या, आणि मृत्युपत्र नव्हतं. हिंदू वारसा कायद्यानं चौघांचे सारखे वाटे होतात. प्रत्येकी दोन गिन्या. निम्म्या-निम्म्यावर भांडणारे दोघेही गप्प झाले. थोरल्यानं आपल्या दोन विकून सोसायटीत पैसे भरले. धाकट्याच्या अजून लॉकरमध्ये आहेत. ऑगस्ट २०२० मध्ये भाव ५५ हजारांवर गेला, तरी थोरला चुकला असं मी म्हणणार नाही. त्याचं व्याज तेव्हा थांबणं गरजेचं होतं.

भाव किती वर्षं थांबेल हे छातीठोकपणे सांगणाऱ्याकडे जाऊ नका. तुम्ही आधी वकिलाकडून वाटणी लिहून घ्या. उशीर करू नका.

वारसानं आलेल्या सोन्यावर कर लागतो का?

मिळताना नाही, विकताना नफ्यावर लागतो. वडिलांकडे होतं तो काळही धरतात. एकूण २४ महिन्यांच्या वर असेल तर १२.५ टक्के, शिवाय उपकर. विकण्याआधी सीएला भेटा, नंतर नव्हे.

पावती नाही, रोखीनं विकू का?

एका दिवसात एकाच सराफाकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. पैसे खात्यावरच घ्या आणि वजन-कस लिहिलेली खरेदीची पावती मागून घ्या.