गणिताचा फोटो गेला, कुणी सोडवायच्या आत

> भाचीने वहीतल्या गणिताचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला होता. रात्री बघू म्हणालो, सकाळी चॅटमध्ये काहीच नाही. वही क्लासमध्ये जमा आहे आणि तिला गणित अर्धंमुर्धंच आठवतंय. कुणी सोडवायच्या आतच गेलं, आता काय करू?

दादा, दोन वर्षांपूर्वी माझ्या घरात अगदी हेच झालं, म्हणून लिहायला बसलो. आधीच सांगतो, मी मोबाइल दुरुस्तीवाला नाही आणि गणिताचा मास्तरही नाही. सोलापुरात चादरीच्या कारखान्यात हिशेब लिहितो. जे सांगतोय ते माझ्या घरात घडलं तेवढंच. तुमच्या फोनवर मेनूची नावं थोडी वेगळी असतील.

फोटो रात्रीतून गेला म्हणजे त्या चॅटला बहुतेक मेसेज आपोआप जाण्याची मुदत लावलेली आहे. ती २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवस अशी असते आणि दोघांपैकी कुणीही लावू शकतं. आमच्याकडे पुण्यातल्या धाकट्या भावाने २४ तासांची लावून ठेवली होती, आम्हाला पत्ताच नव्हता. भाचीने `View once` करून पाठवला असेल आणि तुम्ही एकदा उघडला असेल, तर मात्र चॅटमध्ये शोधाशोध करू नका. तिथे तो तिलाही परत दिसत नाही. तिने गॅलरीतून पाठवला असेल तर मूळ फोटो तिच्या गॅलरीत बघा, नसेल तर थेट खाली मी आठवणीबद्दल लिहिलंय तिथे या.

नाहीतर शोध भाचीच्या फोनपासून सुरू करा, तुमच्या नाही. फोटो व्हॉट्सॲपच्याच कॅमेऱ्यातून काढला असेल तर तो गॅलरीत दिसत नाही, म्हणून पोरं म्हणतात "माझ्याकडे नाहीच". अँड्रॉइड फोन असेल तर फाइल्सचं ॲप उघडून इथपर्यंत जा:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media/WhatsApp Images/Sent
```

पाठवलेल्या फोटोंची प्रत इथे पडते. मग गॅलरीची कचरापेटी बघा. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो पुसल्यावर ६० दिवस राहतो, बॅकअप नसलेला ३० दिवस. आयफोनलाही साधारण ३० दिवस. शेवटी तुमच्या गॅलरीतही एकदा नजर टाका. मीडिया आपोआप डाउनलोड होत असेल तर चॅटमधून गेला तरी फोटो फोनमध्ये उरलेला असू शकतो.

हे सगळं दहा मिनिटांचं काम आहे आणि मी ते केलं नाही. त्याचीच गोष्ट सांगतो.

लेक तेव्हा दहावीला होती. क्लासमध्ये सरांनी फळ्यावर गणित घातलं, तिने वहीत उतरवलं, घरी येऊन माझ्या फोनवरून फोटो काढला आणि काकाला पाठवला. भाऊ तेव्हा कंपनीच्या बसमध्ये होता. "बघतो," म्हणाला आणि विसरला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोटो गायब. वही तोवर तपासायला क्लासमध्ये गेलेली. मी क्लासच्या ऑफिसात गेलो तर टेबलामागचा माणूस मान वर न करता म्हणाला, "सर गावाला गेलेत, वह्या कपाटात आहेत, किल्ली सरांकडे." म्हटलं, अहो एकच पान बघायचंय. "पुढच्या बुधवारी या." आणि ग्रुपवर विचारलं का? विचारलं की! ग्रुपवर फक्त फी भरायच्या सूचना. असो.

तिथून तापलेल्या डोक्याने निघालो ते थेट एका मोबाइलच्या दुकानात, फोटो परत आणून देतो अशी पाटी होती म्हणून. पोराने तीनशे रुपये घेतले. माझ्या फोनमध्ये जागा नव्हती, त्याचं ॲप बसेना, म्हणून त्याने "काका, फालतू काय आहे ते उडवतो" म्हणत व्हॉट्सॲपचे जुने पाठवलेले फोटो साफ केले. मी मान डोलावली. म्हणजे ज्या `Sent` फोल्डरमध्ये आमचं गणित असण्याची सगळ्यात जास्त शक्यता होती तेच रिकामं करून तो गणित शोधत बसला. ॲपने काय दाखवलं? नखाएवढ्या आकाराचे पुसट फोटो, ज्यात वही आहे एवढंच कळतं, आकडा एकही वाचता येत नाही.

आजकालच्या फोनमध्ये साठवलेलं सगळं कूटबद्ध असतं आणि पुसलेली जागा फोन स्वतःच मोकळी करून टाकतो. कचरापेटीतूनही गेलेली फाइल अशा ॲपने परत येणं जवळपास अशक्य. माझं ठाम मत, दुकानात पाऊल टाकू नका. कुणाला अनुभव चांगला आला असेल तर आनंद आहे, पण माझ्यापुरतं ते तीनशे रुपये आणि एक फोल्डर गेलं.

फोटो मिळालाच नाही तर गणित परत उभं करता येतं. शाळेतल्या गणितात उत्तरं बहुतेक पूर्ण संख्येत येतील असे आकडे घेतलेले असतात, आणि तीच आपली दोरी. पण ज्यांनी ज्यांनी फोटो पाहिला त्यांना आधी वेगवेगळं लिहायला लावा, एकमेकांशी बोलायच्या आत. एकाने मोठ्याने आकडा सांगितला की दुसऱ्यालाही तोच "आठवतो".

आमच्याकडे भाऊ आणि लेक अशा दोघांच्या आठवणी जमल्या. काटकोन त्रिकोण आहे, यावर दोघांचं एकमत. भावाने लिहिलं, परिमिती ३०, कर्ण ९३. लेक म्हणाली, क्षेत्रफळ ३०, आणि तेरा होतं कुठेतरी.

आधी ९३ मिटवला. परिमितीच ३० असेल तर एकटा कर्ण ९३ कसा असेल? तेव्हा भावाला उमगलं. सर फळ्यावर मराठी आकडे लिहितात, लेकीनेही तसेच उतरवले, आणि हा दिवसभर इंग्रजी आकड्यांत काम करणारा. घाईत त्याला १३ मधला १ इंग्रजी नऊसारखा दिसला. हे सगळ्यांनाच उपयोगी पडेल म्हणून सांगतो, मराठी ४ हा इंग्रजी आठसारखा दिसतो आणि घाईने लिहिलेला ५ इंग्रजी चारसारखा. आठवलेला आकडा गणितात बसत नसेल तर आधी ही अदलाबदल करून बघा.

मग परिमिती ३० खरी, आणि कर्ण माहीत नाही असं धरून काय निघतं ते बघितलं. बाकीच्या दोन बाजूंची बेरीज ३० वजा कर्ण. त्या बेरजेचा वर्ग घेतला की पायथागोरसमुळे दोन बाजूंचा गुणाकार ४५० वजा कर्णाची तीसपट एवढा निघतो. आता कर्णाला किंमत देऊन बघायची. कर्ण १५ किंवा जास्त असूच शकत नाही, कारण उरलेल्या दोन बाजूंची बेरीज कर्णापेक्षा मोठी लागते. कर्ण १२ घेतला तर बेरीज १८, गुणाकार ९०. पण बेरीज १८ असताना गुणाकार जास्तीत जास्त ८१ होतो, म्हणून १२ बाद, आणि त्याखालचे तर आणखी बाद. उरले १३ आणि १४. १४ घेतला तर बेरीज १६, गुणाकार ३०, अशा दोन पूर्ण संख्याच नाहीत. १३ घेतला तर बेरीज १७, गुणाकार ६०, म्हणजे ५ आणि १२. पूर्ण बाजू असतील तर हा एकच त्रिकोण बसतो.

पण लेक ऐकेना. "क्षेत्रफळच होतं पप्पा, मला ३० स्पष्ट दिसतंय." भाऊ फोनवर परिमितीवर अडून. मग क्षेत्रफळ काढून बघितलं तर ५ गुणिले १२ भागिले २, म्हणजे तेही ३०! दोघांचीही आठवण खरी ठरली. ५, १२, १३ या त्रिकोणाची गंमतच ती, परिमिती आणि क्षेत्रफळाचा आकडा एकच. आणि इथेच या युक्तीची मर्यादा कळते. त्रिकोण सापडला, पण सरांनी काय दिलं होतं आणि काय विचारलं होतं ते नाही सापडलं. परिमिती आणि कर्ण देऊन क्षेत्रफळ विचारलं असेल तर दोन ओळींत सुटतं. क्षेत्रफळ आणि कर्ण देऊन बाजू विचारल्या असतील तर पद्धत वेगळी लागते. म्हणून लेकीला दोन्ही करून ठेवायला लावलं.

गणित पुस्तकातलं वाटत असेल तर एवढी खटपट करण्याआधी ई-बालभारतीवर पुस्तकाची पीडीएफ फुकट मिळते, ती चाळा. आमच्यासारखं काटकोन त्रिकोणाचं असेल तर दहावीच्या गणित भाग २ मध्ये पायथागोरसचं प्रकरण, समीकरणाचं असेल तर भाग १ मध्ये वर्गसमीकरणं. आमचं त्यात नव्हतं, पण शोधताना लेकीची उजळणी झाली.

आणखी एक. भाचीकडे वही नसली तरी पान फाडून दिलं असेल आणि खालचं पान घरी असेल, तर बॉलपेनचा दाब त्यावर उमटलेला असतो. खोलीत अंधार करून मोबाइलची बॅटरी पानाला जवळजवळ समांतर धरा, अक्षरं सावलीने उठून दिसतात. पेन्सिलने घासू नका, उमटलेल्या खुणा बिघडू शकतात.

इथून पुढे फोटोखाली एक ओळ टाइप करायला सांगा, "काटकोन त्रिकोण, परिमिती अमुक, कर्ण अमुक, काढा तमुक". आणि चॅटमध्ये मुदत चालू असेल तर फोटोवर बोट दाबून धरून `Keep` करा. पाठवणाऱ्याने नको म्हटलं तर राहत नाही, पण भाची कशाला नको म्हणेल?

बुधवारी वही आली. गणित होतं, परिमिती ३०, कर्ण १३, क्षेत्रफळ काढा. सरांनी वर्गात उत्तर तोंडी सांगितलं असावं, कारण समासात लेकीने बारीक अक्षरात "उ. ३०" लिहून ठेवलं होतं. तिला दिसत होतं ते हे ३०. एकक कुठेच नाही, ना परिमितीपुढे सेमी, ना उत्तरापुढे चौसेमी, आणि दोन्हीकडे सरांनी लाल पेनाने गोल करून लिहिलं होतं, "एकक?"